भरिताच्या निमंत्रणात ‘आपण’ कुठे लिहावे आणि ‘आम्ही’ कुठे

थंडी सुरू झाली की खानदेशात शेतावर भरिताचे बेत ठरू लागतात आणि त्यांची चार ओळींची निमंत्रणे मोबाइलवर फिरू लागतात. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडून गेलेले निमंत्रण असे होते:

«रविवारी सकाळी अकरा वाजता आपण शेतावर भरिताचा बेत ठेवला आहे. आपल्याला वांगी आणायची आहेत. आम्ही सर्वजण मिळून जेवणार आहोत. आपण वेळेवर यावे.»

त्या रविवारी दोन पाहुणे पिशवीभर वांगी घेऊन आले आणि एका शेजाऱ्यांनी, जेवण फक्त घरच्यांचे असावे असे समजून, येण्याचेच टाळले. चूक निमंत्रण लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी होती. ती कशी दुरुस्त करावी, हे याच चार वाक्यांवरून पाहू.

सर्वप्रथम प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि एकच प्रश्न विचारावा: ही क्रिया करणाऱ्यांत निमंत्रण वाचणारा आहे का? तो असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’ हा एकच शब्द असल्यामुळे हिंदीत विचार करून मराठीत लिहिताना हा भेद सहज निसटतो. गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा आपल्यासारखाच भेद आहे, म्हणून नंदुरबारकडच्या गुजराती बोलणाऱ्या शेजाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

या कसोटीवर पहिले वाक्य चुकते, कारण बेत आमच्या घराने ठेवला होता, पाहुण्यांनी नव्हे. कॉलनीतल्या सर्वांनी बसून तो ठरवला असता, तर तेच ‘आपण’ बरोबर ठरले असते. तिसऱ्या वाक्यात उलटी चूक आहे. जेवणाऱ्यांत पाहुणे आहेतच, पण ‘आम्ही’ म्हटल्याबरोबर ते बाहेर राहतात, आणि पुढे ‘सर्वजण’ जोडल्याने ते आत येत नाहीत. ‘आम्ही सर्वजण’ म्हणजे आमच्यापैकी सर्व, एवढाच त्याचा अर्थ होतो.

खरी अडचण दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यात आहे. मराठीतले ‘आपण’ हे ‘तुम्ही’चे आदरार्थी रूपही आहे. बहुतेक वेळा क्रियापद हा गुंता सोडवते: ‘आपण येणार आहोत’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, तर ‘आपण येणार आहात’ म्हणजे केवळ तुम्ही. परंतु ‘आपण यावे’ किंवा ‘आपण बेत ठेवला’ यांसारख्या वाक्यांत क्रियापदावरून काहीच कळत नाही. ‘आपल्याला आणायची आहेत’ हे तर सर्वांत फसवे, कारण तिथे ‘आहेत’ हे क्रियापद वांग्यांप्रमाणे चालते, माणसांप्रमाणे नाही. वांगी आणण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या वाक्यातून ठरत नव्हते, आणि पाहुण्यांनी ती स्वतःवर घेतली.

म्हणून दुसरी पायरी अशी की, एका निमंत्रणात ‘आपण’ एकाच अर्थाने वापरावे. घरोब्याच्या निमंत्रणात पाहुण्यांना ‘तुम्ही’ म्हणावे आणि ‘आपण’ हे मिळून करायच्या गोष्टींसाठी राखावे. छापील लग्नपत्रिकेत मात्र ‘आमच्या येथे’ आणि ‘आपण सहकुटुंब यावे’ अशी रीत आहे. तिथे ‘आपण’ पाहुण्यांचे झालेले असते, तेव्हा एकत्र करायच्या गोष्टीचा उल्लेख सर्वनाम गाळून, ‘मिळून’ या शब्दाने करावा.

दुरुस्त निमंत्रण असे होते:

«येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही आमच्या शेतावर भरिताचा बेत ठेवला आहे. वांगी आणि कळण्याच्या भाकरी आमच्याकडे तयार असतील; तुम्ही फक्त सहकुटुंब या. आपण सगळे मिळून काड्यांवर वांगी भाजू आणि दुपारी पंगतीला बसू.»

पाठवण्यापूर्वी प्रत्येक ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही-आम्ही’ घालून मोठ्याने वाचावे. वाक्य अडखळले किंवा खोटे वाटले, तर ते ‘आपण’ चुकीच्या जागी आहे.

एक गोष्ट मात्र नियमाने सुटत नाही, आणि मला ती सर्वांत नाजूक वाटते. ‘आपण’ची सीमा कुठे आखायची, हे नात्यावर ठरते. वरचे निमंत्रण कार्यालयातल्या सहकाऱ्याला अगदी योग्य आहे. तेच सख्ख्या काकांना गेले, तर ‘आमच्या शेतावर’ हे शब्द त्यांना बोचतील, कारण त्यांच्या लेखी ते शेत वाडवडिलांचे आणि म्हणून त्यांचेही आहे. त्यांच्यासाठी वेगळी प्रत करावी. पण नुसते ‘आमच्या’ खोडून ‘आम्ही आपल्या शेतावर बेत ठेवला आहे’ असे लिहू नये. कर्ता ‘आम्ही’ असला की ‘आपल्या’ त्याच्याकडेच वळते आणि ‘आमच्या स्वतःच्या’ असाच अर्थ निघू शकतो. कर्ताच काढून टाकावा आणि लिहावे: «काका, रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या शेतावर भरिताचा बेत आहे. काकूंना घेऊन या.»