मकरपुऱ्यातल्या कारखान्याची किंमत: बाजारातले गुणक खासगी कंपनीला कसे लावायचे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्यांपुढे किंवा मूल्यांकनाच्या कामात नव्याने आलेल्यांपुढे हा प्रश्न लवकरच येतो. दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, त्यातल्या एकाला आपला ३० टक्के हिस्सा विकून बाहेर पडायचे आहे, आणि त्या हिश्श्याची किंमत ठरवायची आहे. कंपनीचा शेअर बाजारात नाही, त्यामुळे तशाच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांचे भाव आधाराला घ्यायचे. पद्धत सोपी दिसते, पण ती नीट न वापरल्यास उत्तर दुपटीहून जास्त चुकू शकते. ते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

समजा मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर बनवणारी कंपनी आहे. उलाढाल ६० कोटी. व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा, म्हणजे एबिटडा, ६ कोटी. घसारा १ कोटी, व्याज १.२ कोटी, इतर उत्पन्न ०.४ कोटी. करपूर्व नफा ४.२ कोटी आणि २५.१७ टक्के कर गेल्यावर निव्वळ नफा ३.१४ कोटी. पाच सूचीबद्ध कंपन्यांचे पी/ई १७, २०, २२, ३१ आणि ५८ मिळाले. सरासरी २९.६. नवखा माणूस गुणाकार करतो आणि ९३ कोटींवर येऊन थांबतो. खाली तेच काम नीट केले की संपूर्ण कंपनी ३३ ते ३८ कोटींच्या घरात येते. हा फरक गुणकाच्या निवडीतून आणि नफ्याच्या आकड्यातून आला आहे.

तुलनेच्या कंपन्या

बडोद्यात व्होल्टॅम्प आणि शिलचर या ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या सूचीबद्ध कंपन्या आहेत, म्हणून त्याच घ्याव्यात असे पटकन वाटते. पण अशा कंपन्या रेडिएटरवाल्याच्या गिऱ्हाईक असतात. गिऱ्हाइकाची मागणी वाढली की आपली वाढते हे खरे, तरी भाव ठरवण्याची ताकद, मार्जिन आणि वसुलीचे दिवस वेगळे असतात. पत्र्याचे कापणे-वाकवणे-वेल्डिंग करून विजेच्या उपकरणांना भाग पुरवणारी कंपनी आकाराने आणि मार्जिनने जास्त जवळची. ट्रान्सफॉर्मरवाले यादीत ठेवायचे असतील तर एक-दोनच ठेवा आणि त्यांच्यामुळे उत्तर किती हलते ते वेगळे लिहा.

गुणक काढताना सरासरी नको, मध्यक घ्या. वरच्या यादीत ५८ चा एकच आकडा सरासरीला ओढून नेतो, आणि इतका मोठा पी/ई बहुधा त्या वर्षी नफा कोसळल्यामुळे दिसतो. मध्यक २२ येतो. त्याच कंपन्यांचे ईव्ही/एबिटडा ११, १३, १४, १९ आणि ३८ असतील, तर मध्यक १४.

ईव्ही म्हणजे शेअर्सचे बाजारमूल्य अधिक कर्ज, वजा धंद्याला न लागणारी रोकड आणि गुंतवणूक. वजाबाकीचा हा भाग अनेकजण विसरतात. व्होल्टॅम्पसारख्या कंपनीच्या ताळेबंदात मोठ्या गुंतवणुका दिसतात. त्या वजा न करता भागाकार केला, तर धंद्याचा गुणक फुगतो आणि तो फुगवटा आपल्या कंपनीला विनाकारण लागतो. वजाबाकी केल्यावर त्या गुंतवणुकीचे उत्पन्न एबिटडात राहणार नाही, हेही पाहा.

आणखी एक खाच लेखापद्धतीची आहे. मुख्य बाजारात सूचीबद्ध कंपन्यांना इंड एएस लागू असते, तर २५० कोटींखालच्या नेटवर्थची आपली कंपनी जुन्याच एएसवर चालते. इंड एएस ११६ खाली बहुतेक भाडी खर्चात दिसत नाहीत, ती घसारा आणि व्याजात जातात. त्यामुळे सूचीबद्ध कंपनीचा एबिटडा भाडे न वजावलेला आणि आपला वजावलेला असतो. भाड्याच्या जागा जास्त असलेली कंपनी यादीत असेल, तर तिच्या रोकड प्रवाह पत्रकातून लीजपोटी दिलेली रक्कम, व्याजाचा भाग धरून, काढा आणि एबिटडातून वजा करा. लीजची देणी कर्जातूनही काढून टाका. एकच बाजू दुरुस्त केली तर गुणक चुकीचाच येतो.

नफा सामान्य करणे

सर्वात जास्त वेळ इथे द्यायचा. खासगी कंपनीचा नफा कर वाचवण्यासाठी आणि घरच्या सोयीसाठी बनलेला असतो. आपल्या उदाहरणात दोन्ही भाऊ मिळून वर्षाला २४ लाख पगार घेतात, पण कारखाना आणि विक्री सांभाळायला बाहेरून माणसे आणली तर ८४ लाख लागतील. म्हणून ६० लाख खर्च वाढवा. शेड आईच्या नावावर आहे आणि भाडे ६ लाख, बाजारभाव ३६ लाख. आणखी ३० लाख वाढवा. विक्रीत ५० लाख मागच्या वर्षांच्या ऑर्डरींच्या किंमत-फरकाचे आहेत, वीज-उपकरणे बनवणाऱ्यांच्या ‘इमा’ या संघटनेच्या सूत्राने उशिरा मंजूर झालेले. ते या वर्षाचे नाहीत, काढा. घरच्या गाड्या आणि परदेशवारीचे २० लाख मात्र परत मिळवा. एबिटडा ६ वरून ४.८ कोटींवर येतो.

दोन्ही दिशांना हात घालणे महत्त्वाचे. विकणाऱ्याच्या बाजूने काम करणारे फक्त गाड्या आणि परदेशवारी परत मिळवतात, पगार आणि भाड्याला हात लावत नाहीत. शिवाय मागची तीन वर्षे पाहा. सुधारित मार्जिन ८ टक्के येते. आधीच्या दोन वर्षांत ते ५ टक्के असेल आणि यंदाच वर गेले असेल, तर सीआरसीए पत्र्याचा स्वस्तात घेतलेला साठा हे कारण असू शकते. साठ्याचे रजिस्टर आणि खरेदीची बिले समोरासमोर ठेवली की कळते.

आता निव्वळ नफा. ४.८ मधून घसारा १ आणि व्याज १.२ वजा केले की २.६ उरतात. कर गेल्यावर १.९५ कोटी. इतर उत्पन्न मुद्दाम सोडले, कारण त्यामागची मालमत्ता आपण वेगळी मोजणार आहोत.

कर्ज मोजताना

३१ मार्चला कॅश क्रेडिट ५ कोटी दिसते, पण बँकेच्या स्टेटमेंटवरून वर्षभराची सरासरी ७ कोटी निघते. वर्षअखेरीला वसुली जोरात करून आणि पुरवठादारांचे पैसे थांबवून शिल्लक खाली आणलेली असते. सरासरी घ्या. मुदतकर्ज ३ कोटी, भावांनी कंपनीला दिलेले बिनतारण कर्ज २ कोटी. तेही कर्जच, भांडवल नव्हे. एकूण १२ कोटी. बँकेत २ कोटींच्या ठेवी आहेत, त्यातल्या १.५ कोटी बँक गॅरंटीचे मार्जिन म्हणून अडकलेल्या. मोकळे ५० लाखच. वाघोडियाचा रिकामा प्लॉट २ कोटींचा, धंद्याला लागत नाही, तो शेवटी मिळवायचा.

गुणाकार, आणि दोन उत्तरे का वेगळी

आपली कंपनी लहान आहे, तीन गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे आणि वाढही कमी आहे. म्हणून १४ ऐवजी १० धरू. ही कपात अंदाजाने नको. यादीतल्या कंपन्यांपैकी कमी वाढीच्या आणि कमी मार्जिनच्या कंपन्या किती खाली विकल्या जातात ते पाहून ठरवा आणि कारण कागदावर लिहा. त्याच प्रमाणात पी/ई २२ वरून १५.७ येतो.

ईव्ही/एबिटडाने: ४.८ × १० = ४८ कोटी. कर्ज १२ वजा, ठेव ०.५ आणि प्लॉट २ अधिक, म्हणजे ३८.५ कोटी.

पी/ईने: १.९५ × १५.७ = ३०.६ कोटी. ठेव आणि प्लॉट मिळवून ३३.१ कोटी.

बरेच अहवाल इथे दोन्हींची सरासरी काढून मोकळे होतात. आमच्या मते हीच सर्वात मोठी चूक, कारण ५.४ कोटींचा फरक आपल्याला काहीतरी सांगतो. यादीतल्या कंपन्या जवळजवळ कर्जमुक्त आहेत आणि त्यांचा घसारा एबिटडाच्या सुमारे १५ टक्के आहे, असे धरू. आपल्या कंपनीचे कर गेल्यावरचे व्याज ०.९ कोटी. पी/ई त्यालाही १५.७ ने गुणतो, म्हणजे १२ कोटींच्या कर्जापोटी १४.१ कोटी वजा होतात. २.१ कोटींचा फरक इथला. आपला घसारा मात्र जवळजवळ २१ टक्के आहे. १५ टक्क्यांच्या वरचा तो भाग कर गेल्यावर १५.७ ने गुणला की ३.३ कोटी. दोन्ही मिळून ५.४.

आता निर्णय घेता येतो. व्याजाचा फरक हा पी/ईचा दोष आहे. कर्जमुक्त कंपनीचा पी/ई कर्जवाल्या कंपनीला सरळ लावायचा नसतो. घसाऱ्याचे कारण शोधावे लागते. कंपनी डब्ल्यूडीव्ही पद्धत वापरत असेल, तर १५ वर्षे आयुष्याच्या यंत्रावर पहिल्या वर्षी १८.१ टक्के घसारा पडतो. सरळ रेषेच्या पद्धतीने तो ६.३३ टक्केच असतो, आणि सूचीबद्ध कंपन्यांत बहुधा हीच पद्धत दिसते. यंत्रे नवी आणि पद्धत डब्ल्यूडीव्ही असेल, तर उत्तर ३८.५ च्या जवळ धरा. प्रेस आणि वेल्डिंगच्या लाइन खरोखरच लवकर झिजत असतील आणि दर दोन-तीन वर्षांनी मोठा खर्च होत असेल, तर ईव्ही/एबिटडा तो खर्च पाहतच नाही, आणि उत्तर ३३ कडे न्यायला हवे. स्थिर मालमत्तेचे रजिस्टर आणि पाच वर्षांची यंत्रखरेदी पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही.

३० टक्क्यांचा हिस्सा

बाजारातला शेअरचा भाव मुळात छोट्या, नियंत्रण नसलेल्या हिश्श्याचाच असतो. म्हणून अल्पहिश्श्याची वेगळी सूट इथे घ्यायची नाही, ती दुसऱ्यांदा घेतल्यासारखी होते. हिस्सा विकायला बाजार नाही, एवढ्याचीच सूट योग्य. ती शेअरमूल्यावर घ्या. गुणक १४ वरून १० करताना हेच कारण मोजले असेल, तर पुन्हा घेऊ नका. २० टक्के धरली, तर ३८.५ चे ३०.८ होतात आणि ३० टक्के हिस्सा सुमारे ९.२ कोटींचा, खालच्या टोकाला ७.९ कोटी.

त्याआधी संस्थापन नियमावली आणि भावांतला करार वाचून घ्या. बाहेर पडणाऱ्याला ‘प्रमाणशीर मूल्य’ द्यावे असे कलम असेल, तर सूट लागूच होत नाही आणि हिस्सा ११.५५ कोटींपर्यंत जातो. कंपनी कायद्याच्या गरजेसाठी मूल्यांकन लागले, तर कलम २४७ खालचा नोंदणीकृत मूल्यांककच चालतो. आयकरासाठी आयकर नियमांतली गणना वेगळी असते, आणि तिचा आकडा वरच्या कशाशीच जुळेल असे नाही. हा व्यवहार कोणत्या कारणासाठी आहे, ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.