स्वतःचा व्हीपीएन की विकतचा? या चुका टाळा

प्रायव्हसीची काळजी वाटू लागलेल्या नवख्या माणसाला पहिला सल्ला बहुतेक वेळा हाच मिळतो: कंपनीवर विश्वास कशाला ठेवतोस, चार-पाच डॉलरचा व्हीपीएस म्हणजे भाड्याचा सर्व्हर घे, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाक, झाला तुझा स्वतःचा व्हीपीएन. यातलं तंत्र चुकीचं नाही. आजच्या लिनक्समध्ये वायरगार्ड कर्नेलमध्येच असतं, १ जीबी रॅमचा सर्व्हर घरातल्या सगळ्यांना पुरून उरतो आणि स्क्रिप्ट चालवली की खरंच पाच मिनिटांत क्यूआर कोड समोर येतो. पण त्या पाच मिनिटांत ‘आपल्याला नक्की कोणापासून लपायचंय?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

चूक पहिली: स्वतःचा सर्व्हर म्हणजे अनामिकता, असं धरून चालणं

तुमच्या इंटरनेट कंपनीला आज काय दिसतं ते आधी पाहू. साइट https वर असेल तर पानावरचा मजकूर तिला दिसत नाही. पण कोणत्या साइटचं नाव विचारलं, कोणत्या आयपीशी जोडणी झाली, किती वाजता आणि किती डेटा गेला, हे सगळं दिसतं. व्हीपीएन चालू केला की तिला एकाच सर्व्हरकडे जाणारा कूटबद्ध प्रवाह दिसतो. इथपर्यंत स्वतःचा आणि विकतचा दोन्ही सारखेच.

फरक पलीकडच्या टोकाला पडतो. तुमच्या व्हीपीएसमधून बाहेर पडणारी सगळी वाहतूक एकट्या तुमची असते. त्याचा आयपी महिनोन्‌महिने तोच राहतो आणि तो तुमच्या नावाच्या कार्डावर भाड्याने घेतलेला असतो. मोबाइल नेटवर किंवा बऱ्याच घरगुती जोडण्यांवर कंपनी एकाच सार्वजनिक, जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते, त्यामुळे साइटला निदान त्या पत्त्यावरून तुम्हाला वेगळं काढता येत नाही. स्वतःचा व्हीपीएस घेतला की तेवढाही आडोसा जातो. विकतच्या व्हीपीएनच्या आयपीमागे त्याच क्षणी इतर कितीतरी जण असतात, म्हणजे तुम्ही गर्दीच्या लोकलमधले एक असता. व्हीपीएसवर तुम्ही एकटेच.

शिवाय इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं तेच आता व्हीपीएस भाड्याने देणाऱ्या कंपनीला दिसतं. कंपनीवरचा विश्वास टळलेला नसतो, कंपनी फक्त बदललेली असते.

मग स्वतःचा सर्व्हर कधी घ्यावा? हॉटेल, कॅफे किंवा स्टेशनच्या वायफायवर बसून काम करताना, प्रवासात असताना घरच्या एनएएसपर्यंत, म्हणजे फाइली साठवायच्या यंत्रापर्यंत पोचायला, किंवा एखाद्या कामासाठी कायमचा एकच आयपी लागतो तेव्हा. ही कामं तो उत्तम करतो. जाहिरातवाल्या साइटना आपण कोण ते कळू नये असं वाटत असेल, तर तिथे विकतचाच बरा. आणि दोन्हींतल्या कोणत्याही व्हीपीएनमागे बसून गूगलमध्ये लॉगिन केलंत, तर गूगलसाठी तुम्ही तुम्हीच आहात.

चूक दुसरी: प्रायव्हसीसाठी मुंबईतला सर्व्हर

मुंबईचा डेटा सेंटर जवळ आहे, वेग चांगला मिळतो, म्हणून लोक तोच निवडतात. नुसतं कॅफेच्या वायफायपासून संरक्षण हवं असेल तर खुशाल निवडा. पण ‘नोंद नको’ हा हेतू असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश माहीत हवेत. ते फक्त व्हीपीएन कंपन्यांना लागू आहेत असा समज सर्रास आढळतो. त्यात डेटा सेंटर, क्लाउड सेवा आणि व्हीपीएस देणारेही आहेत. ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, सेवा कशासाठी घेतली, कोणता आयपी दिला, नोंदणी करताना कोणता आयपी आणि ईमेल वापरला, ही माहिती ग्राहक सेवा सोडून गेल्यानंतरही किमान ५ वर्षं ठेवायची आहे.

या निर्देशांनंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. काही अ‍ॅपमध्ये आजही ‘इंडिया’ दिसतं, पण ते यंत्र बाहेरच्या देशात बसून फक्त भारतीय आयपी देत असतं. वेग अपेक्षेपेक्षा कमी का, याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

चूक तिसरी: ‘नो लॉग्स’ ही जाहिरात पुरावा मानणं

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका सायबर छळाच्या प्रकरणात एफबीआयने कोर्टात दिलेल्या कागदपत्रांत प्युअरव्हीपीएनच्या नोंदींचा आधार घेतलेला होता. कंपनी नोंदी ठेवत नसल्याचं सांगत होती. उलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची काही माहिती न घेता परतले. कंपनी निवडताना असं काहीतरी शोधा: पोलीस किंवा कोर्टाने विचारल्यावर तिच्याकडे प्रत्यक्षात काय सापडलं. साइटवरचं कुलपाचं चित्र आणि ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द बाजूला ठेवा.

पैसे महिन्याचेच भरा. ऐंशी टक्के सूट दाखवून तीन वर्षांचे पैसे आधी घेणारा प्लॅन नवख्याने घेऊच नये. कंपनी विकली गेली किंवा सर्व्हर संथ झाले तर अडकून पडाल. फुकट व्हीपीएनबद्दल एवढंच: सर्व्हरचं भाडं कोणीतरी भरत असतंच.

चूक चौथी: एका फोनवर तपासून सगळं ठीक समजणं

एका विद्यार्थ्याने फ्रँकफर्टला व्हीपीएस घेतला. कुठल्याशा व्हिडिओत बघून एका ओळीची स्क्रिप्ट चालवली, फोनवर तपासलं, आयपी जर्मनीचा आला, विषय संपला. वायरगार्डच्या जोडणीची तीच फाइल घेऊन उबुंटूचा लॅपटॉप जिओच्या हॉटस्पॉटवर जोडला. आयपी दाखवणारी साइट जर्मनी म्हणते आणि गूगलचा शोध मात्र पुण्यातली दुकानं दाखवतो. पठ्ठ्याने कुकीज पुसल्या, ब्राउझर बदलला, शेवटी सर्व्हरही बदलला. फरक शून्य.

दोष क्लायंटच्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या फाइलमधल्या `AllowedIPs` या ओळीत होता. तिथे फक्त `0.0.0.0/0` लिहिलेलं होतं, म्हणजे आयपीव्ही४ ची वाहतूक तेवढी व्हीपीएनच्या बोगद्यातून पाठव. जिओ नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ देतं आणि गूगलसारख्या साइट उघडताना ब्राउझर ते असेल तर आधी तेच वापरतो. ती वाहतूक बोगद्याकडे न वळता सरळ बाहेर जात होती. `test-ipv6.com` उघडताच `2409:` ने सुरू होणारा जिओचा पत्ता समोर आला. फोनवर हे दिसलं नाही, कारण वायरगार्डचं अँड्रॉइड अ‍ॅप अशा वेळी आयपीव्ही६ अडवूनच ठेवतं. लिनक्सचं `wg-quick` तसं करत नाही.

क्लायंटची फाइल अशी हवी:

```
[Interface]
PrivateKey = <क्लायंटची खासगी की>
Address = 10.8.0.2/32, fd42:42:42::2/128
DNS = 9.9.9.9
MTU = 1280

[Peer]
PublicKey = <सर्व्हरची सार्वजनिक की>
Endpoint = <सर्व्हरचा आयपी>:51820
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
PersistentKeepalive = 25
```

सर्व्हरवर आयपीव्ही६ सुरू नसेल तरी `::/0` लिहाच. मग ती पॅकेट बोगद्यात जाऊन मरतात आणि ब्राउझर आयपीव्ही४ वर येतो. पान उघडायला क्षणभर जास्त लागेल, पण गळती नाही. `DNS` ची ओळ गाळली तर लॅपटॉप घरच्या राउटरलाच पत्ते विचारत राहतो आणि राउटर इंटरनेट कंपनीला. म्हणजे साइटची नावं पुन्हा तिच्याकडेच. `MTU` म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ही ओळ मोबाइल नेटसाठी आहे: जोडणी होते, हलकी पानं उघडतात आणि काही साइट अर्ध्यावर लटकतात, असं दिसलं की आधी तोच आकडा बघायचा.

तपासणी प्रत्येक उपकरणावर, घरच्या नेटवर आणि मोबाइल नेटवर, अशी वेगवेगळी करायची. कंटाळवाणं आहे, पण विकतच्या व्हीपीएनच्या अ‍ॅपलाही हीच चाचणी लावा.

चूक पाचवी: ‘कनेक्टेड’ दिसतंय म्हणजे चालतंय

वायरगार्डचं अ‍ॅप चालू केलं की हिरवं होतं, सर्व्हर बंद असला तरी. खरं काय ते सर्व्हरवर `sudo wg show` सांगतं. `latest handshake`, म्हणजे दोन्ही टोकांनी शेवटची ओळख कधी पटवली, ही ओळच नसेल तर तुमची पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचत नाहीत किंवा की चुकली आहे. बहुतेकदा व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलवर ५१८२० हा पोर्ट टीसीपीसाठी उघडलेला असतो. वायरगार्डला यूडीपी लागतं.

हँडशेक आहे पण इंटरनेट नाही, तर सर्व्हर पॅकेट पुढे पाठवत नाही. दोन गोष्टी बघा:

```
sysctl net.ipv4.ip_forward
ip route show default
```

पहिल्याचं उत्तर `1` हवं. दुसऱ्यात `dev` नंतर नेटवर्क कार्डाचं नाव येतं, आणि तेच नाव नॅटच्या, म्हणजे पॅकेट सर्व्हरच्या आयपीने बाहेर पाठवणाऱ्या नियमात असायला हवं. इंटरनेटवरून उचललेल्या बहुतेक नियमांत `eth0` असतं आणि तुमच्या यंत्रावर `ens3` किंवा `enp1s0`. कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची निम्मी संध्याकाळ इथे जाते.

बाकीच्या, थोडक्यात

एकच फाइल फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर टाकू नका. सर्व्हर एका कीसाठी एकच पत्ता लक्षात ठेवतो, शेवटचं पॅकेट जिथून आलं तो. दोन्ही चालू असले की उत्तरं कधी इकडे, कधी तिकडे जातात आणि दोन्ही अडखळतात. प्रत्येक उपकरणाला वेगळी की.

एसएसएचला पासवर्डने लॉगिन बंद, की चालू. सर्व्हर उभा राहिल्यावर काही मिनिटांत अनोळखी पत्ते पासवर्ड ठोकायला सुरुवात करतात. उबुंटूवर `unattended-upgrades` चालू आहे ना, ते पाहा. महिन्यातून एकदा तरी लॉगिन करून अपडेट बघायची तयारी नसेल, तर व्हीपीएस घेऊ नका.

घरच्या राउटरवर सर्व्हर टाकण्याआधी राउटरमधला डब्ल्यूएएन आयपी बघा. तो `100.64` ते `100.127` या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या आयपीमागे आहात आणि आयपीव्ही४ वर पोर्ट उघडून काही उपयोग नाही.

मित्रांना फाइल वाटण्याआधी लक्षात घ्या, त्यांनी टोरेंट लावलं की कॉपीराइटची तक्रार तुमच्या खात्यावर येते.

आणि प्रयोग आटोपला की व्हीपीएस नुसता बंद करून ठेवू नका. बऱ्याच कंपन्या बंद यंत्राचंही पूर्ण भाडं लावतात. पॅनेलमधून तो कायमचा डिलीट करा, त्याचे स्नॅपशॉटही काढा. तुमच्या खासगी की त्यांतही असतात.