लोहाचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टवर ‘सीरम आयर्न ३०’ दिसलं, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण दिसला, की बहुतेकजण लोहाच्या गोळ्या सुरू करून मोकळे होतात. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. हा आकडा म्हणजे शरीरातलं लोह नव्हे. नमुना घेतला त्या क्षणी रक्तातून वाहून नेलं जात असलेलं लोह तेवढं त्यात मोजलेलं असतं.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातला मोठा वाटा हिमोग्लोबिनमध्ये असतो. ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनावर एका वेळी असतं जेमतेम ३ मिलिग्रॅम. पण हीच गाडी दिवसभरात इतक्या फेऱ्या मारते की २० ते २५ मिलिग्रॅम लोह तांबड्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत पोचतं. एवढं लोह येतं कुठून? आतड्यातून रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम शोषलं जातं. बाकीचं सगळं जुन्या तांबड्या पेशींचं. साधारण १२० दिवस जगून थकलेल्या या पेशी प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, त्यांच्यातलं लोह सुटं करतात आणि परत ट्रान्सफेरिनच्या हवाली करतात. लगेच लागणार नसलेलं लोह फेरिटिनमध्ये जातं. फेरिटिन म्हणजे प्रथिनाचा पोकळ गोळा, एकात सुमारे साडेचार हजार अणू मावतील एवढा.

थोडक्यात, ट्रान्सफेरिन ही गाडी आणि फेरिटिन हे कोठार. पुढची चूक या कोठाराच्या आकड्याची: ‘फेरिटिन नॉर्मल आहे, म्हणजे लोह भरपूर आहे.’ फेरिटिन कमी असेल तर साठा संपलाय, त्याला जवळजवळ दुसरा अर्थच नसतो. उलट बाजूने मात्र हे खरं धरता येत नाही. अंगात संसर्ग किंवा दाह असला की साठा न वाढताही रक्तातलं फेरिटिन वाढतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये १५च्या खाली कमतरता धरते, पण दाह असेल तर ती रेषा ७०वर नेते.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. दोघींचंही सीरम आयर्न ३०.

पहिलीचा टीआयबीसी ४५० आणि फेरिटिन ८. टीआयबीसी म्हणजे सगळ्या ट्रान्सफेरिनवर मिळून किती लोह बसू शकेल तो आकडा, गाड्यांमधल्या एकूण जागाच म्हणा ना. ३०ला ४५०ने भागून १००ने गुणलं की भरलेल्या जागा निघतात सुमारे ७ टक्के. साठा आटला की यकृत जादा ट्रान्सफेरिन बनवतं, म्हणून टीआयबीसी वर गेला. ही सरळ लोहाची कमतरता.

दुसरीला सांध्यांचा जुना दाह आहे. टीआयबीसी २२०, फेरिटिन १८०. भरलेल्या जागा सुमारे १४ टक्के, म्हणजे इथेही कमीच. पण गाड्याही कमी झाल्यात आणि कोठाराला कुलूप आहे. कुलूप घालणारं हेप्सिडिन. दाह असताना यकृत हे संप्रेरक जास्त सोडतं. मॅक्रोफेजमधून आणि आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात येण्याचा जो एकमेव दरवाजा आहे, फेरोपोर्टिन नावाचा, तो हेप्सिडिन बंद पाडतं. माल आत अडकतो आणि रक्त कोरडं राहतं. हिने गोळ्या घेतल्या तरी आतड्यातला दरवाजाही बंदच. इलाज आधी दाहावर हवा.

सगळ्यात चकवणारा रिपोर्ट या दोघींच्या मधला. दाह आहे, फेरिटिन ५०, भरलेल्या जागा १० टक्के. इथे अडकलेलं लोह आणि रिकामं कोठार या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. म्हणून फेरिटिनबरोबर सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, बघावा. किंवा ताप, संसर्ग उतरून काही आठवडे गेल्यावर तपासणी पुन्हा करावी.

सकाळी गोळी घेऊन त्याच दिवशी रक्त देणं ही क्षुल्लक वाटणारी चूक, पण सीरम आयर्न त्याने खोटं वर जातं. फेरिटिनवर एका गोळीचा असा परिणाम होत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत ‘जास्त घेतल्या की लवकर भरेल’ हेही हेप्सिडिनपुढे टिकत नाही. मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढं राहतं आणि पुढच्या डोसमधला कमी हिस्सा शोषला जातो. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की लगेच गोळ्या सोडणं ही त्याची उलटी चूक. आलेलं लोह आधी तांबड्या पेशींकडे जातं, कोठार भरायची पाळी नंतर येते. त्यासाठी गोळ्या साधारण आणखी ३ महिने चालू ठेवतात आणि मग फेरिटिन बघतात.

आणि भरलेल्या जागा ४५ टक्क्यांच्या वर, शिवाय फेरिटिनही चढं असेल, तर स्वतःच्या मनाने एकही गोळी नको. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत जातं, तेव्हा असा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायलाच हवा.