स्पीकर बोलला, पण कोणाचे पैसे बोलला? बसवर कोडने भाडं घेणाऱ्या नव्या कंडक्टरसाठी

मी बांद्याचा. दोन वर्षं म्हापसा–पणजी मार्गावर खासगी बसवर कंडक्टर आहे. दारात उभं राहून ‘पणजी, पणजी’ ओरडणं, सुटे मोजणं, गर्दीत कोणाचं भाडं राहिलंय ते चेहऱ्यावरून ओळखणं हे तुम्हाला येत असेलच. ते इथे सांगत बसत नाही. मालकाने गळ्यात अडकवायला कोडचा पुठ्ठा दिला आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला स्पीकर बांधला, तिथून पुढचं सांगतो.

आधीच्या कंडक्टरने मला एकाच वाक्यात शिकवलं: “स्पीकर बोलला की पुढच्याकडे जा.” या वाक्याने माझा पगार कापला गेला. शिकवणारा चांगला असला तरी त्याचं असं एका वाक्यातलं शिक्षण घेऊ नका. स्पीकर का बोलतो, कधी बोलत नाही, हे विचारून घ्या.

झालं असं. आमच्या मालकाच्या दोन बस. दोन्हीचे स्पीकर रात्री त्याच्या घरी एकाच बोर्डवर चार्जिंगला. दिसायला सारखे, रंगही तोच. एका सकाळी मी घाईत एक उचलला आणि निघालो. तो दुसऱ्या बसचा होता.

तुम्ही म्हणाल, मग लगेच कळलं असेल. नाही कळलं, आणि नेमकं हेच समजून घ्या. दोन्ही बस त्याच रस्त्यावर, भाडी तीच. माझ्या बसमध्ये पोराने कोड स्कॅन केला, तेवढ्यात स्पीकर म्हणाला, “तीस रुपये प्राप्त हुए.” मी पुढे सरकलो. प्रत्यक्षात ते तीस रुपये तेव्हा गिरीजवळ असलेल्या दुसऱ्या बसमधल्या कोणीतरी भरले होते. स्कॅन केल्यावर प्रवाशाच्या मोबाईलवर नाव येतं, तेही उपयोगाचं नव्हतं, कारण दोन्ही कोडवर मालकाचंच नाव.

स्पीकरला तुमच्या गळ्यातला कोड दिसत नाही. प्रवासी पैसे भरतो, ते त्याच्या बँकेतून यूपीआयमार्फत मालकाच्या बँकेत जातात. मग कोड देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बघतो की हा कोड कोणत्या स्पीकरला जोडलाय आणि त्या स्पीकरच्या आतल्या सिमवर निरोप पाठवतो. जोडणी स्पीकरच्या मागे छापलेल्या नंबरवर असते. तो स्पीकर बसमध्ये असो की मालकाच्या स्वयंपाकघरात, तो तिथे बोलणार. आणि बोलतो ती फक्त रक्कम, माणूस नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी उलट्या घडत होत्या. ज्यांचे पैसे खरंच गेले त्यांच्या वेळी स्पीकर गप्प, आणि ज्यांचे अडकले त्यांच्या वेळी नेमका बोलायचा. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे बस तुंबलेली, आत दाटी. रोज येणारी नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, “दादा, गेले पैसे, बघा.” तिने मोबाईल समोर धरला. मी म्हटलं, स्पीकर बोलला नाही, रोख दे. सगळ्यांसमोर. तिने मुकाट्याने तीस रुपये दिले आणि खिडकीकडे तोंड करून बसली. पगार कापल्याचं मला जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलंय.

खूण मला दुपारीच मिळाली होती. पणजी स्टँडवर बस रिकामी, मी डबा उघडलेला, आणि स्पीकर म्हणाला, “बीस रुपये प्राप्त हुए.” बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. मी समजलो नेटवर्कमुळे उशिरा बोलतोय. उशिरा बोलणं हा प्रकार खरा आहे. सिमला रेंज नसली तर निरोप अडकतात आणि रेंज आली की काही वेळा दोन-तीन एकदम येतात. पण अडकलेले निरोप एका दमात येतात आणि संपतात. रिकाम्या बसमध्ये दर दोन-चार मिनिटांनी वेगवेगळी रक्कम येत राहिली, तर तो उशीर नाही. तो दुसऱ्याचा स्पीकर आहे. तिथल्या तिथे फोन करा.

रात्री हिशेब. माझ्या वहीत कोडने २,५२० रुपये. मालकाच्या मोबाईलवर माझ्या कोडला २,१९०. फरक ३३०, आणि तो पगारातून गेला. पण खरी तूट त्याहून मोठी होती. त्या मुलीसारख्यांचे कोडने आलेले पैसे २,१९० मध्ये होते, पण माझ्या वहीत ते रोख म्हणून लागले होते. कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. चालत्या बसमध्ये मोबाईलवर ‘प्रोसेसिंग’ फिरत राहतं, तेवढ्यात स्पीकर बोलतो, प्रवाशालाही वाटतं झालं, आणि तो उतरतो. दुसऱ्या बसवरच्या काकांकडे माझा स्पीकर होता, पण त्यांची तूट शून्य. ते म्हणाले, “तो भलत्या वेळी बोलायला लागला, तेव्हाच मी त्याच्यावर विसंबणं सोडलं. प्रत्येकाचा मोबाईल बघितला.”

तेव्हापासून पहिल्या फेरीआधी मी माझ्या मोबाईलवरून सात रुपये भरतो. सातच, कारण आमच्या मार्गावर सात रुपये भाडं कोणाचंच नाही, म्हणून दुसऱ्याचा आवाज माझा समजण्याचा प्रश्न येत नाही. जो पुठ्ठा गळ्यात घालणार तोच स्कॅन करतो, मोबाईलमधला जुना फोटो नाही, म्हणजे कोणी वर दुसरा कोड चिकटवला असेल तर तोही कळतो. आपल्याच बसमधला स्पीकर “सात रुपये” म्हणाला पाहिजे. किती सेकंद लागले ते मनात मोजतो, त्यावरून दिवसभर किती थांबायचं ते कळतं. मालकाला सांगून ठेवलंय, ते सात रुपये मी रोखीतून परत घेतो. शिवाय पुठ्ठ्याला आणि स्पीकरला एकाच रंगाची चिकटपट्टी लावलीय, आमची लाल आणि काकांची पिवळी. पण पट्टीवर भागवू नका. पट्टी लावणाराही चुकतो.

दिवसा स्पीकर गप्प राहिला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे मागू नका. प्रवाशाला व्यवहारांची यादी उघडायला सांगा. स्क्रीनशॉट मी बघतच नाही, तो कालचाही असू शकतो आणि हिरवी टिक दाखवणारी खोटी अॅप्सही आहेत. यादीत वेळ आणि बारा आकडी यूटीआर नंबर असतो. शेवटचे चार आकडे मी वहीत लिहितो आणि स्टँडवर मालकाकडून जुळवून घेतो. ‘प्रोसेसिंग’च असेल तर रोख घेतो आणि चिठ्ठीवर माझा नंबर लिहून देतो. पैसे मागाहून आले तर मी परत देतो. खात्यातून कापले गेले पण इथे पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे बँकेने ते पाच दिवसांत आपणहून परत करायचे असतात. हे प्रवाशाला शांतपणे सांगितलं की बहुतेक जण भांडत नाहीत.

घाबरू नका, आठवडाभरात हात बसतो. त्या मुलीचे तीस रुपये मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिले, तेही सगळ्यांसमोर, चूक माझी होती असं सांगून.

आणि सकाळी सात रुपये बोललेच नाहीत, तर पुठ्ठा उलटा करून मी पहिली फेरी रोखीवर मारतो.