प्लॅस्टरचा पाय आणि सातवा मजला: सुटकेच्या प्लॅनमधल्या या चुका टाळा

ऑफिसांमध्ये फायर ड्रिल घेताना एक वाक्य ऐकून माझे कान किटलेत: "आमच्याकडे दिव्यांग कुणी नाही हो, वेगळा प्लॅन कशाला?" मग कुणीतरी स्कूटरवरून पडतं आणि कुबड्या घेऊन कामावर हजर होतं. लिफ्टने वर येतात, म्हणून कुणाला सुचत नाही की अलार्म वाजल्यावर लिफ्ट वापरायची नसते.

एका ऑफिसात सातव्या मजल्यावर बसणाऱ्या ताईंचा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये होता. एचआरने त्यांच्या सुटकेच्या प्लॅनचा फॉर्म भरला होता, मदतनीस म्हणून एकच नाव. ड्रिलच्या दिवशी तोच रजेवर! जिन्यावरून घसरत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर भिंतीला होती, पण ती उघडायची कशी हे दोघं जण तिथेच उभं राहून वाचत बसले. एकदाची उघडली, ताईंना बसवलं, आणि पहिल्याच वळणावर न दुमडणारा पाय कठड्याला आपटला. ताई वैतागून म्हणाल्या, "अहो, यापेक्षा मी पायरी-पायरीने बसत गेले असते!"

खरं होतं ते. करून पाहिलं, तर एक मजला त्या आरामात उतरल्या. सात मजले मात्र शक्यच नव्हते. म्हणून प्लॅस्टर निघेपर्यंत त्यांचं टेबल पहिल्या मजल्यावर हलवलं. फुकटात झालेला हा उपाय फॉर्म भरणाऱ्यांपैकी कुणाला सुचला नव्हता, कारण ताईंना कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझी सवय अशी: माणूस कामावर परतला की त्याच दिवशी त्याच्यासोबत जिना उतरून बघायचा, मगच कागद. मदतनीस प्रत्येक शिफ्टला दोन, आणि तिसरा राखीव. चेअर चालवायला शिकायचं तर आधी रिकामी, मग सहकाऱ्याला बसवून. व्हिडिओ बघून "येतं मला" म्हणणाऱ्यांना मी चेअरला हातही लावू देत नाही.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे माणसाला रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीपासून आडोसा असलेल्या जागेत, नेऊन सोडणं आणि सुटलो म्हणणं. ती वाट बघायची जागा आहे. फायर ब्रिगेडला गेटवरच कुणीतरी सांगायला हवं की कुठल्या मजल्यावर, कोण, कशा अवस्थेत थांबलंय. हे सांगणाऱ्याचं नाव प्लॅनमध्ये हवं, आणि थांबलेल्याकडे कंट्रोल रूमचा नंबर. शिवाय सगळ्या इमारतींत अशी जागा नसते, तेव्हा आधी स्वतः जाऊन बघा. मला एकदा तिथे जुन्या खुर्च्यांचा ढीग सापडलाय.

ऐकू न येणाऱ्याला शेजारचा सांगेल, यावर राहू नका. तो वॉशरूममध्ये एकटा असतो, तिथे अलार्मसोबत चमकणारा दिवा लावा.

प्लॅस्टर निघालं म्हणून प्लॅन फाडू नका. माणूस जिना एकट्याने उतरून दाखवेल तेव्हा फाडा.

आणि चेअरने खाली आणलेल्याची स्वतःची व्हीलचेअर वरच राहते. खाली त्याला कशावर बसवणार, तेही लिहून ठेवा.