कोरडं शौचालय : धुण्याचं पाणी कुठे न्यायचं ते आधी ठरवा

या शौचालयात विष्ठा पाण्यानं वाहून न नेता राख टाकून वाळवतात. त्यासाठी जमिनीवर आळीपाळीनं वापरायचे दोन कप्पे बांधा, वर लघवी वेगळी करणारा पॅन बसवा आणि कप्प्यातून छपराच्या वर जाणाऱ्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा. गवंड्याला एवढं सांगितलं की पुरे. माप मात्र हिशेबानं घ्या. एका माणसाची विष्ठा वर्षाला साधारण ५० लिटर भरते. पाच माणसांची २५० लिटर, तेवढीच राख धरली तर ५०० लिटर. म्हणून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच असा एकेक कप्पा पुरतो.

खरी अडचण धुण्याच्या पाण्याची. मलाही सगळ्यात जास्त झुंजावं लागलं ते याच्याशीच. “थोडं पाणी आत गेलं तर काय बिघडतं, खत लवकर होईल,” असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. या कप्प्यात कुजवायचं नसतं, वाळवायचं असतं. ओल राहिली की घाण वास सुटतो, माश्या अंडी घालतात आणि जंतांची अंडी जिवंत राहतात. सगळ्यात चिवट तीच. ओल्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून धुण्यासाठी बाजूला तिसरी जागा हवीच. बसल्या बसल्या थोडं सरकून तिथे पोचता आलं पाहिजे. उठून जावं लागलं तर घाईत कोणीतरी कप्प्यावरच धुणार, मुलं तर हमखास. हे पाणी लघवीच्या नळीला जोडू नका, त्यात विष्ठेचे जंतू असतात. ते खडी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यात सोडा, विहिरीपासून दूर. लघवी बंद कॅनमध्ये जाऊ द्या. तिच्या नळीला सलग उतार ठेवा, नाहीतर आत क्षार साचून ती तुंबते.

दर वेळी विष्ठा झाकेल इतकी कोरडी, चाळलेली राख टाका. राखेनं ओल शोषली जाते आणि क्षारता वाढते, ती जंतूंना सोसत नाही. राख कमी पडली तर कोरडी माती चालते, पण थोडा चुना मिसळून. फिनेल ओतू नका, त्यानं ओलच वाढते.

आठवड्याला झडप उघडून बघा. ढीग करडा, भुसभुशीत असला तर ठीक. चकाकणारा, चिकट दिसला किंवा अळ्या दिसल्या तर पाणी किंवा लघवी आत जाते आहे. आधी ती वाट बंद करा, मग भरपूर राख घालून काठीनं हलवा. घरात कुणाला जुलाब झाले की राख दुप्पट टाका.

पाऊण भरला की कप्पा बंद करून दुसरा वापरा. उबदार हवेत निदान एक वर्ष थांबायचं, थंड प्रदेशात दीड ते दोन. ही मुदत शेवटच्या वापरापासून मोजायची. पहिल्या दिवसापासून मोजली तर वरचा थर ताजाच निघतो. काढताना हातमोजे घाला आणि माल झाडांच्या आळ्यात मातीखाली गाडा. कच्च्या खायच्या पालेभाजीला तो घालू नका.