मोठी दुरुस्ती थेट खर्चात टाकताय? या चुका टाळा

लोअर परळच्या गाळ्यात ऑफसेट छपाई करणाऱ्या दोन भावांची भागीदारी धरू. नफा वर्षाला 10 लाख, वाटणी निम्मी-निम्मी. मशीन पार थकलेलं, भंगारात जायच्या बेताला. एप्रिल 2024 च्या सुरुवातीला त्याचं ओव्हरहॉलिंग झालं: सिलिंडरला नवं क्रोम, गिअर आणि बेअरिंग बदलले, डॅम्पनिंग युनिट नवं बसवलं. बिल 8 लाखांचं. मशीन आता आणखी चार वर्षं चालेल, असं मेकॅनिकचं म्हणणं.

बिलावर 'रिपेअरिंग चार्जेस' लिहिलेलं होतं, म्हणून हिशेबनिसाने सगळी रक्कम Indirect Expenses खालच्या दुरुस्ती खात्यात टाकली. पहिली चूक हीच. बिलावरचं नाव पाहून ठरवायचं नसतं, आणि रक्कम पाहूनही नाही. ब्लँकेट, रोलरचं रबर, सर्व्हिसिंग यांचं बिल कितीही मोठं आलं तरी तो महसुली खर्च, कारण तो मशीन आहे तसं चालू ठेवण्यापुरता असतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पण ज्या कामाने आयुष्य वाढतं, क्षमता वाढते किंवा ज्याचा फायदा पुढची काही वर्षं मिळत राहतो, ते भांडवली. ते ताळेबंदात मशीनच्या किमतीत जातं आणि घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू खर्च होतं. एकाच बिलात दोन्ही प्रकारची कामं असतील, तर मेकॅनिककडून कामवार फोड आधीच लिहून घ्या. सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही.

आता नफ्याचं काय होतं ते बघा. सगळं खर्चात टाकलं तर चार वर्षांचा नफा 2, 10, 10, 10 लाख दिसतो. भांडवली धरून वर्षाला 2 लाख घसारा लावला तर 8, 8, 8, 8. बेरीज दोन्हीकडे 32 लाखच. म्हणून 'शेवटी सारखंच ना?' असं बरेच जण म्हणतात.

मधेच कोणी निघालं की ते सारखं राहत नाही. थोरला भाऊ 31 मार्च 2025 ला निवृत्त होतो असं समजा. चुकीच्या हिशेबात त्या वर्षीचा त्याचा वाटा 1 लाख, योग्य हिशेबात 4 लाख. "दादा, यंदा नफाच झाला नाही," असं धाकटा अगदी प्रामाणिकपणे सांगेल, कारण कागद तेच बोलतोय. प्रत्यक्षात 6 लाखांचं मूल्य मशीनमध्ये शिल्लक आहे, ताळेबंदात मात्र त्याचा पत्ता नाही. दादाचे 3 लाख न भांडता धाकट्याकडे गेले. उरलेल्या तीन वर्षांत धाकट्याला नफा 10 लाख दिसतो, म्हणून तो छपाईचे दर उतरवतो, उचल वाढवतो. छपाईचा खरा खर्च मात्र वर्षाला 2 लाखांनी जास्त आहे.

ही चूक पकडणं सोपं असतं. विक्री आणि ढोबळ नफा गेल्या वर्षाइतकाच असताना निव्वळ नफा एकदम कोसळला, तर दुरुस्ती खातं उघडा आणि नोंदी रकमेप्रमाणे लावा. बहुतेकदा एकच नोंद सगळा घोळ घालत असते.

वर्ष बंद झालेलं नसेल तर साधी जर्नल नोंद पुरते: मशीन खातं नावे, दुरुस्ती खातं जमा, आणि मग घसारा. काढून टाकलेल्या जुन्या डॅम्पनिंग युनिटची पुस्तकी किंमत उरली असेल तर ती कमी करायला विसरू नका, नाहीतर नवं-जुनं दोन्ही मालमत्तेत बसतात. जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर तो कर मशीनच्या किमतीत धरू नका. वर्ष बंद झालं असेल तर फरक पूर्वकालीन बाब म्हणून वेगळा दाखवा, चालू वर्षाच्या नफ्यात मिसळू नका. आपल्या उदाहरणात तो 6 लाख, आणि तो जुन्या प्रमाणात दोघांच्याही भांडवल खात्यांत जमा व्हायला हवा.

शेवटची गल्लत आयकराची. 'करात वजावट मिळते, मग खर्चच दाखवू' हे उलटं झालं. करकायद्यातली 'चालू दुरुस्ती' ही कसोटी वेगळी आहे: आहे ती मालमत्ता टिकवली की नवी आणली? 2007 च्या सरवणा स्पिनिंग मिल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अख्खी रिंग फ्रेम बदलणं चालू दुरुस्तीत बसवलं नाही, कारण ते स्वतंत्र यंत्र होतं. तुमचं ओव्हरहॉलिंग कुठे बसतं हे कामाच्या स्वरूपावर ठरेल, म्हणून सीएला फोडीसकट बिल दाखवा. वहीत भांडवली धरलं म्हणून करातली वजावट आपोआप जात नाही, आणि वहीत खर्च दाखवला म्हणून ती मिळतेच असंही नाही.